आजींच्या भाषेचा नियम आधी ठरवा

एका आजींकडून त्यांची भाषा नोंदवणारी संशोधिका एका प्रत्ययाचा चुकीचा अर्थ लावते, अशी कथा लिहायची असेल, तर सुरू करण्यापूर्वी त्या काल्पनिक भाषेचा नियम कागदावर पक्का करा. एकच प्रत्यय पुरे, समजा ‘-तोक’.

संशोधिका ‘काल तो गावाला गेला’, ‘रात्री पाऊस पडला’ अशी वाक्यं आजींना भाषांतराला देते. दर वेळी ‘-तोक’ येतो आणि ती वहीत ‘भूतकाळ’ लिहिते. तिची चूक इथेच पेरा: तिची सगळी वाक्यं आजींनी न पाहिलेल्या घटनांची आहेत.

पुढे बंद घरात छपरावरचा आवाज ऐकून आजी आत्ताच्या पावसालाही ‘-तोक’ लावतात. उलट, काल डोळ्यांदेखत झालेल्या भांडणाला लावत नाहीत. म्हणजे तो काळ दाखवत नाही, ‘मी हे पाहिलेलं नाही’ एवढंच सांगतो. अशी रूपं खऱ्या भाषांतही आहेत, उदाहरणार्थ तुर्कीतला ‘-मिश’.

ही दोन्ही वाक्यं कथेत हवीतच. फक्त पाऊस आला, तर संशोधिका ‘वर्तमानातही चालतो’ अशी पुस्ती जोडून आपला तक्ता वाचवेल. भांडणाचं वाक्य ती पळवाट बंद करतं.

नवखे लेखक बहुधा आजींकडून व्याकरण वदवून घेतात. तसं करू नका. मातृभाषेचा नियम सहसा कुणाला सांगता येत नाही. आजी ‘असं नाही म्हणत, तू पाहिलंस का?’ एवढंच विचारतील.