"मी नात्यांमध्ये वाईट आहे" असं आधीच सांगणारा माणूस

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी ओळख झालेला मुलगा दोनदा म्हणाला, "मी रिलेशनशिपमध्ये फार वाईट आहे, तुला आधीच सांगून ठेवतो." हा प्रामाणिकपणा समजू, की त्याला माझ्याकडून "नाही रे, तू चांगला आहेस" असं ऐकायचंय?

नुसत्या त्या वाक्यावरून कळणार नाही. तुम्ही धीर दिला नाहीत तर तो पुढे काय बोलतो, त्यावरून कळेल. मला हे उशिरा समजलं.

ठाण्यात तलावपाळीला जुलैच्या पावसात मी आणि माझा तेव्हाचा मित्र कणीस घेऊन उभे होतो. तिसरी भेट होती. तो कणसाचे दाणे नखाने सुटे करत होता, खात मात्र नव्हता. म्हणाला, "मी या बाबतीत फार वाईट आहे, तुला त्रासच होईल." मी लगेच म्हटलं, "असं काही नसतं, तू किती समजून घेतोस." त्याचे खांदे सैल झाले आणि त्याने कणसाचा पहिला घास घेतला. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

पुढचे अडीच महिने तेच वाक्य मी जवळपास दर आठवड्याला म्हणत होते. धीर दिला की दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने 1976 साली नैराश्यातल्या माणसांबद्दल हे चक्र मांडलं होतं: समोरचा धीर देतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हा मन राखायला बोलतोय, म्हणून तो पुन्हा विचारतो. देणारा थकतो, त्याचा सूर बदलतो आणि ऐकणाऱ्याची शंका खरी ठरते. माझा तो मित्र आजारी होता असं मी म्हणत नाही, पण चक्र हेच होतं.

मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. गाडी घेऊन येतो म्हणाला, आला नाही, फोनही उचलला नाही. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "मी तुला आधीच सांगितलं होतं ना." तलावपाळीवरचं बोलणं मी कबुलीजबाब समजले होते, त्याने ते पावतीसारखं जपून ठेवलं होतं. बर्ग्लास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली एक प्रयोग केला होता. काहींना न सुटणारी कोडी देऊन "छान केलंत" असं सांगितलं, आणि पुढच्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला सांगितलं, एक कामगिरी सुधारणारं, दुसरं बिघडवणारं. यातल्या बऱ्याच पुरुषांनी कामगिरी बिघडवणारं औषध निवडलं. अपयश आलं तर दोष औषधाचा! "मी वाईटच आहे" हे वाक्य अगदी तसं वापरता येतं.

ज्याच्याशी मी नंतर लग्न केलं, त्यानेही सुरुवातीलाच सावध केलं होतं. पण त्याचं बोलणं असं होतं: "भांडण झालं की मी गप्प होतो, दोन-दोन दिवस. आधीची मैत्रीण त्यालाच कंटाळली. आता मी थोडा वेळ मागून घेतो, पण त्याच रात्री बोलतो. विसरलो तर टोक." यात काय घडतं, कुणाला त्रास झाला आणि तो त्याबद्दल काय करतोय, हे सगळं होतं. माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा नव्हती. पहिल्या भांडणात रात्री साडेदहाला मेसेज आला, "अजून राग आहे, सकाळी बोलू का?" आणि सकाळी तो बोलला. पुढे एकदा तीन दिवस गप्प राहिला, तेव्हा चौथ्या दिवशी विषय त्यानेच काढला.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या मित्राला एवढंच विचारा: "सांगितलंस ते बरं झालं. म्हणजे नेमकं काय होतं? शेवटचं कधी झालं?" आणि गप्प बसा. ही शांतता जड जाते, पण ती भरायला जाऊ नका. तो अडखळत का होईना, एखादा प्रसंग सांगेल तर ऐका. काहींना शब्द सुचायला चार दिवस लागतात, तेवढे द्या. पण तो "जाऊ दे, मीच वाईट आहे" असं आणखी मोठं काहीतरी बोलून तुमच्या तोंडाकडे बघत राहिला, किंवा विचारलंत म्हणूनच दुखावला, तर त्याला धीर हवा होता. त्यात लबाडी असतेच असं नाही, बहुतेक वेळा भीती असते. तरी तो धीर रोज पुरवणं तुमच्या हातात नाही.

दोन गोष्टींत मात्र अर्थ लावत बसू नका. "मला सध्या कुठल्याच नात्यात अडकायचं नाही" किंवा "राग आला की मी वस्तू फेकतो, हात उचलतो" असं कुणी म्हणालं, तर ते शब्दशः खरं धरा आणि त्याप्रमाणे वागा.

तुम्ही लिहिलंय की तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं, ते आठवून बघा. तेव्हा धीर दिला असेल, तर दुसऱ्यांदा तो बहुधा त्याच्यासाठीच आला होता.