कुंपणाचं कोटेशन आणि ताईचे दीर

प्रश्न : आमचं शेत केळापूर तालुक्यात, तीन एकर, कापूस आणि तूर. रानडुकरांनी दोन वर्षं जगू दिलं नाही, म्हणून चारही बाजूंनी जाळीचं कुंपण करायचं ठरवलं. घेर १,५०० फूट आहे. माझ्या ताईचे सख्खे दीर हेच काम करतात. त्यांनी १,८६,००० सांगितले, म्हणजे फुटाला १२४. माझ्याजवळ कापसाचे १,४०,००० आहेत. घासाघीस केली तर ताईच्या सासरी वाईट दिसेल. उरलेल्या ४६ हजारांसाठी बायकोचं सोनं बँकेत ठेवू का, की भाव कमी करायला सांगू? सांगायचं तर कसं? कोटेशनचा कागद सोबत पाठवतो.

उत्तर :

सोनं ठेवू नका. दहा टक्के व्याज धरलं तरी ४६ हजारांवर वर्षाला साडेचार हजारच जातात, त्यामुळे माझी अडचण व्याजाची नाही. जूनमध्ये पाऊस दडी मारून बसला आणि दुबार पेरणीची पाळी आली, तर त्या आठवड्यात बियाण्यासाठी पैसे उभे करायला तुमच्या घरी ते सोनंच आहे. पीक कर्जातले पैसे इकडे वळवायचा विचार असेल तर तोही नको. ते मुदतीत फेडलं तरच व्याजाची पूर्ण सवलत मिळते, आणि कुंपण काही त्या मुदतीत पैसे परत देत नाही.

तेव्हा बोलायचं आहेच. तुमच्या कागदावर जाळीचे ७५,०००, खांबांचे ४९,५००, वरच्या दोन काटेरी तारांचे ९,५००, खड्डे आणि उभारणीचे ३३,०००, वाहतुकीचे ७,००० आणि लोखंडी फाटकाचे १२,००० लिहिले आहेत. फाड करून कोटेशन देणारा माणूस सहसा लपवाछपवी करत नाही. यात कुठे उघड लूट मला दिसत नाही, म्हणून "भाव जास्त लावला" असं म्हणायला तुमच्याकडे जागा नाही. तसं म्हणालात तर ते दुखावतील, आणि त्यांचं दुखावणं चुकीचं नसेल.

त्याहून मोठी भीती मला वेगळी वाटते. तुम्ही नुसतं "थोडं कमी करा ना भाऊ" म्हणालात आणि नात्याखातर ते लगेच "चला, दीड लाखात करून देतो" म्हणाले, तर ते ३६ हजार कुठून तरी निघणारच. कुंपणाच्या कामात ते तारेतून निघतात. तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक. १२ गेजची तार २.६४ मिलिमीटर जाड असते आणि १४ गेजची २.०३. डोळ्यांना फरक फारसा कळत नाही, पण १४ गेजच्या जाळीत लोखंड शंभराच्या जागी साठच किलो भरतं. नवी असताना दोन्ही जाळ्या सारख्याच चमकतात. दोन वर्षांनी डुकराने खालून थोबाड लावलं की बारीक तार वाकते, जस्ताचा थर उडालेल्या जागी गंजते आणि तुटते. मग तुम्ही म्हणणार भाऊंनी फसवलं, भाऊ म्हणणार तुम्हीच पैसे कमी केले. ताईच्या घरी खरा वाईटपणा तिथून सुरू होतो. म्हणून काम कमी केल्याशिवाय पैसे कमी करून मागायचे नाहीत, आणि काय कमी झालं ते दोघांनाही दिसलं पाहिजे.

आता तुमच्या कामात काय कमी होऊ शकतं ते बघू. पहिली गोष्ट जाळीची उंची. तुमचा त्रास डुकरांचा आहे, रोह्यांचा म्हणजे नीलगाईंचा नाही. डूकर सहसा उडी मारून येत नाही, खालून घुसतं. त्यामुळे पाच फुटांऐवजी चार फूट जाळी चालेल, वर दोनाऐवजी तीन काटेरी तारा घ्या. जाळीचे १५ हजार वाचतात, जादा तारेला पावणेपाच हजार लागतात, म्हणजे सव्वादहा हजारांचा फरक पडतो. जाळीची खालची कड मात्र जमिनीला टेकलेलीच हवी, शक्य तिथे चार बोटं मातीत. तुमच्याकडे रोही येत असतील आणि तुम्ही लिहायचं विसरला असाल, तर ही काटछाट करू नका.

फाटक १२ हजारांचं नको. त्याच जाळीच्या तुकड्याचं साध्या चौकटीवर चार हजारांत होतं, फक्त खालची फट राहू देऊ नका. माल तुमच्या किंवा भावकीतल्या ट्रॅक्टरने आणला तर सात हजारांच्या जागी डिझेलचे दोन हजार जातील. खड्डे तुम्ही मजूर लावून करून दिले, तर उभारणीच्या ३३ हजारांतले दहा हजार कमी करा असं म्हणणं रास्त आहे. तुमचा त्यावर खर्च पाचेक हजार होईल. पण खड्ड्यांच्या खुणा भाऊंनी स्वतः कराव्यात आणि खांब उभे करण्याआधी खोली त्यांनीच मोजून घ्यावी, नाहीतर खांब कलला की दोष खड्ड्यावर जातो.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. दहा फुटांवर खांब आहे तो बारा फुटांवर नेऊ नका आणि कोपऱ्यांचे टेके कमी करू नका. तुमची माती काळी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दरवर्षी खांबाला थोडं थोडं हलवते. दूर खांब असले की जाळी मधे झोळ खाते आणि डुकराला नेमकं तेच हवं असतं. दीड फुटापेक्षा उथळ खड्डाही चालणार नाही.

एवढं केल्यावर भाऊंचा आकडा १,८६,००० वरून साधारण १,५०,७५० वर येतो. तुमचा डिझेलचा आणि खड्ड्यांचा खर्च वेगळा सात हजार. म्हणजे अजूनही पावणेअठरा हजार अडतात. ते भाऊंकडून काढायचे नाहीत, धुऱ्यावरून काढायचे आहेत. तुमच्या ज्या धुऱ्याला शेजाऱ्याचं शेत लागून आहे, ती बाजू ४५० फूट धरली तर नव्या हिशोबात फुटाला ९८ पडून ४४ हजारांची होते. शेजाऱ्याला सांगा की उद्या तुम्ही कुंपण कराल तेव्हा ही बाजू तयार असेल, अर्धे द्या. २२ हजार आले की तुमच्या खिशातून भाऊंना १,२८,७५० जातात. खांब सामाईक धुऱ्यावर लागणार असल्याने जागेवर दोघांनी उभं राहून हद्द ठरवा. धुऱ्याचा वाद आधीच असेल तर मोजणी झाल्याशिवाय तिथे खांब रोवू नका. शेजाऱ्याचे पैसे हातात पडेपर्यंत ते हिशोबात धरू नका.

आपलं बजेट समोरच्याला सांगू नये असं पुष्कळ लोक शिकवतात. अनोळखी दुकानदारासमोर मीही सांगत नाही. इथे माझं मत उलट आहे. आकडा लपवला तर भाऊंना वाटेल की हा नात्यात चाचपडतोय, आणि ते अंदाजाने पायरी पायरीने खाली येत राहतील. आकडा सांगा, पण खरा सांगा. तो १,४०,००० नाही, १,३०,००० आहे, कारण सात हजार डिझेल-खड्ड्यांना जाणार आणि दोन-तीन हजार अडीअडचणीला हवेत.

बोलायला त्यांच्या वर्कशॉपवर एकटे जा, सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी. कामगारांसमोर, लग्नात किंवा फोनवर हा विषय काढू नका, आणि ताईला मधे घालू नका. ती बोलली की भाऊंना नाही म्हणता येत नाही, आणि ते तिच्याच नावावर लिहिलं जातं. "अमक्याने शंभर रुपये फुटाने करून दिलं" हे वाक्य तर घरीच ठेवून जा. त्याने कोणती तार लावली हे तुम्हाला माहीत नाही. मी असं म्हणेन:

"भाऊ, तुम्ही कागद नीट फाड करून दिला, भावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्याजवळ कुंपणाला १,३० आहेत, वरचे शेजारी देतील तेवढे. कर्ज काढायचं नाही ठरवलं. म्हणून कामच कमी करतो. जाळी चार फूट करा, फाटक साधं करा, माल मी आणतो, खड्डे मी करून देतो. खांबाचं अंतर आणि बारा गेज तसंच ठेवा. यात बसतं का ते तुम्ही बघा. नसेल बसत तर मोकळेपणी सांगा, ताईपर्यंत हा विषय जाणार नाही."

मग गप्प बसा. त्यांना कागदावर हिशोब करू द्या. बहुतेक ते दोन दिवस मागतील, द्या. खड्ड्यांचे दहाऐवजी आठच हजार कमी करतो म्हणाले तर ताणू नका, तेवढी सवड आकड्यात ठेवली आहे. त्यांनी स्वतःहून एखादा बदल सुचवला तर ऐका, कारण कुठे वाचतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त बदल न करताच आकडा घसरला तर हसतमुखाने विचारा, "भाऊ, यातलं काय कमी केलं?"

जमलं की नवा कागद करून घ्या. त्यात जाळी चार फूट, १२ गेज, तीन इंची चौकट आणि वजन लिहिलेलं हवं, आणि रकमेत जीएसटी धरला आहे की नाही तेही. पाच फुटी जाळीला कागदावर ८८० किलो आहेत, म्हणजे चार फुटीला ७०० च्या आसपास यायला हवेत. ट्रॅक्टर तुमचाच असल्याने येताना धर्मकाट्यावर एकदा रिकामा आणि एकदा फक्त जाळी भरून घ्या. सव्वाचारशे किलोच्या घरात वजन आलं तर ती १४ गेज आहे, माल उतरवू नका. हेही आधीच सांगून ठेवा की काटा करूनच माल नेणार. मागून केलं तर तो अविश्वास वाटतो, आधी सांगितलं तर व्यवहार.

आगाऊ रक्कम सगळं ठरल्यावरच द्या, आणि दिल्यावर पुन्हा भावाचा विषय काढू नका. नाराजी तिथेच सगळ्यात जास्त होते. काट्यावर वजन पटलं की आगाऊ धरून निम्मे द्या, जाळी ताणून झाल्यावर चाळीस टक्के, आणि दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर खांब बघून. नात्यातला माणूस असल्याने हे शेवटचे दहा टक्के पावसानंतर आठ दिवसांत स्वतः नेऊन द्या, त्यांना मागायला लावू नका.

शेजारी अक्षय्य तृतीयेपर्यंत तयार झाला नाही, तर त्याच्या बाजूला यंदा खांब तेवढे उभे करा आणि जाळीऐवजी तीन-चार साध्या तारा ओढून झटका मशीन लावा. कुणाच्या ओळखीचं असेल तर एका हंगामापुरतं भाड्याने बघा. तारेला गवत टेकलं की झटका उतरतो, म्हणून ती पट्टी दर पंधरवड्याला साफ करावी लागेल. त्या तारेत घरचा करंट सोडायचा नाही, त्याने माणूस मरतो. जाळी पुढच्या कापसाच्या पैशातून त्याच खांबांवर लावता येईल, आणि हा बेतही भाऊंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या खांबांना हुक ते आत्ताच सोडून ठेवतील.