जुन्या वायरिंगवर पॉवरलाइन अडॅप्टर: खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारा वेग

प्रश्न: घर पन्नासेक वर्षांचं, वायरिंग मूळचंच. राउटर खाली पुढच्या खोलीत, माझं टेबल वर मागच्या खोलीत. वायफाय तिथे पोचत नाही आणि भिंत फोडायची नाही. घरातल्या विजेच्या तारांवरून इंटरनेट नेणाऱ्या पॉवरलाइन अडॅप्टरची १२०० लिहिलेली जोडी घेतली तर माझं १०० एमबीपीएसचं कनेक्शन वर पूर्ण मिळेल का?

उत्तर:

पूर्ण १०० मिळतील असं धरू नका. अशा घरात वरच्या मजल्यावर ३० ते ६० एमबीपीएस मिळाले तर जोडी चांगली चालली असं समजा. २० च्या खालीही जाऊ शकतं आणि नशिबाने सॉकेट चांगले सापडले तर ८० च्या वरही. तुमच्या कामाला हे पुरेल का, तर बहुधा पुरेल. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात, फोर-के चित्रपटाला पंचवीसच्या आसपास. स्थिर मिळणारे ४० हे वर-खाली होणाऱ्या ८० पेक्षा कितीतरी बरे.

१२०० हा आकडा तारेवरच्या कच्च्या वेगाचा आहे. दोन अडॅप्टर आदर्श तारेवर जास्तीत जास्त किती बिट ढकलू शकतील, एवढंच तो सांगतो, आणि त्यात जाणारी आणि येणारी अशा दोन्ही दिशा धरलेल्या असतात. प्रत्यक्षात एका वेळी एकच अडॅप्टर बोलतो आणि दुसरा ऐकतो. शिवाय चुका दुरुस्त करणारे जादा बिट, पोच-पावत्या आणि मधली थांबण्याची वेळ यांत मोठा हिस्सा जातो. म्हणून उत्तम वायरिंग असलेल्या घरातही कच्च्या वेगाचा तिसरा हिस्सा ते निम्मा एवढाच हाती येतो. अडॅप्टरचं सॉफ्टवेअर "लिंक ३००" दाखवत असेल तर फाइल उतरवताना शंभर-सव्वाशेच दिसणार, आणि त्यात बिघाड काही नाही. घेताना आणखी एक पाहा: काही स्वस्त जोड्यांचं इथरनेट पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. खोक्यावर ५०० किंवा ६०० लिहिलेलं असलं तरी अशा जोडीतून ९५ च्या वर काही निघत नाही.

आता जुन्या वायरिंगचं. तुमच्या दिव्यांना येणारी वीज ५० किंवा ६० हर्ट्झची. अडॅप्टर त्याच तारांवर साधारण २ ते ८६ मेगाहर्ट्झचे संकेत चढवतो. त्या फ्रिक्वेन्सीला तुमची तार म्हणजे सरळ रस्ता नसतो. जिथे फाटा फुटतो, जिथे रिकामं सॉकेट लोंबतं, जिथे दोन तारा पिळून पट्टी गुंडाळली आहे, तिथे संकेताचा काही भाग उलटा फिरतो. परत आलेला भाग मूळ संकेतात मिसळतो आणि काही फ्रिक्वेन्सी जवळजवळ पुसल्या जातात. अडॅप्टर हजारो बारीक वाहक, म्हणजे जवळजवळच्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी, वापरतो आणि प्रत्येकावर किती बिट चढवायचे ते सतत मोजून ठरवतो. पुसलेले वाहक तो सरळ सोडून देतो. म्हणून जुन्या घरात जोडी सहसा बंद पडत नाही, मंद होते. तार जुनी असण्यापेक्षा जोड सैल आणि गंजलेले असणं जास्त नडतं. आणि वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, त्यामुळे २००० किंवा २४०० लिहिलेली महाग जोडी घेतल्याने अशा तारेवर वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

दुसरं कारण अर्थिंगचं. १२०० आणि त्यावरचे बरेचसे अडॅप्टर फेज-न्यूट्रलबरोबर अर्थची तारही दुसरी वाट म्हणून वापरतात, आणि मोठा आकडा बराचसा तिथून येतो. जुन्या घरात सॉकेट तीन भोकांचं दिसतं, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. मग अडॅप्टर गुपचूप एकाच वाटेवर येतो. यावर उपाय म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. न्यूट्रल कुठे तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगावर फेज येतो. आणि अडॅप्टर लावायच्या आधीच एखादं सॉकेट गरम लागत असेल, ठिणगी दिसत असेल किंवा पंखा सुरू करताना दिवे लुकलुकत असतील, तर पहिलं बोलावणं वायरमनला. तिथे प्रश्न इंटरनेटचा राहत नाही.

आता मोजायचं कसं ते सांगतो, कारण खरी मेहनत इथेच आहे. इंटरनेटच्या वेग-चाचणीवर विसंबू नका. त्यात बाहेरच्या लाइनचे चढउतार मिसळतात. खाली राउटरला केबलने एक लॅपटॉप जोडा, वर अडॅप्टरला केबलने दुसरा. दोन्हीवर वेग मोजणारं iperf3 टाका आणि दोन्हींचं वायफाय बंद करा. खालच्यावर पहिली ओळ, वरच्यावर नंतरच्या दोन (पत्ता खालच्या लॅपटॉपचा टाका):

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.20 -t 60
iperf3 -c 192.168.1.20 -t 60 -R
```

शेवटच्या ओळीतला `-R` खालून वर येणारा वेग मोजतो, तुम्हाला मुख्यतः तोच हवा. दोन दिशांत बराच फरक दिसेल, कारण गोंगाट ज्या टोकाला असतो त्या टोकाला ऐकायला जड जातं. साठ सेकंद मुद्दाम ठेवले आहेत: अडॅप्टरला तारेचा अंदाज घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि दर सेकंदाचे आकडे पाहिले की वेग स्थिर आहे की मधेच शून्याला टेकतोय ते कळतं.

माझ्या मामांच्या घरी हेच केलं, आणि घर जवळपास तुमच्यासारखंच होतं. आधी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत शेजारच्या सॉकेटांत लावून बटण दाबून जोडले आणि तिथेच मोजलं. साधारण ३०० एमबीपीएस आले. याने जोडी निर्दोष आहे हे ठरतं, पुढे जे कमी होईल ते वायरिंगचं. मग वर टेबलाजवळ नेऊन तिथल्या एक्स्टेंशन बोर्डात लावला: ९ एमबीपीएस. तो बोर्ड वीजदाबाच्या अचानक उसळीपासून यंत्रांना संरक्षण देणारा होता. अशा बोर्डातले भाग आणि फिल्टर वरच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतात, त्यांचं कामच ते आहे. अडॅप्टर सरळ भिंतीतल्या सॉकेटात लावला आणि बोर्ड शेजारच्या सॉकेटात ठेवला, तर ३८.

संध्याकाळी तोच वेग १४ वर आला. दिवसा चांगलं आणि रात्री वाईट असं दिसलं की तार सोडा, रात्री काय सुरू होतं ते शोधा. एक माणूस वर चाचणी चालू ठेवून आकडे वाचत बसला, दुसऱ्याने एकेक वस्तू प्लगातून काढली. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्वस्त चार्जर काही चार्ज करत नसतानाही गोंगाट करतो. दोषी निघाला टेबलावरच्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर. तो काढला तसा वेग पुन्हा ३५ च्या पुढे. ड्रायव्हर बदलून चांगल्या प्रतीचा घेतला, आणि अडॅप्टरमध्येच जे सॉकेट दिलेलं असतं त्यात संरक्षणाचा एक्स्टेंशन बोर्ड लावला. त्या सॉकेटामागे फिल्टर असतो, त्यामुळे बोर्डावरची सगळी यंत्रं गोंगाटापासून वेगळी पडतात. जोडी घेताना असं सॉकेट असलेलीच घ्या, हे मी आग्रहाने सांगेन.

सगळ्यात जास्त फरक मात्र खालच्या टोकाने पडला. राउटरजवळचं सॉकेट नंतर कधीतरी ओढलेल्या फाट्यावर होतं. संकेत तिथून दोन-तीन जोड ओलांडून मेन बोर्डापर्यंत, तिथून फ्यूज ओलांडून वरच्या सर्किटवर जात होता. भिंतीपलीकडच्या मार्गिकेत एक सॉकेट होतं, जे थेट बोर्डातून आलेल्या तारेवर होतं. राउटरपासून तिथपर्यंत लांब इथरनेट केबल नेली आणि अडॅप्टर तिथे लावला, तर वर ६५ ते ७० मिळू लागले, दिवसाही आणि रात्रीही. अडॅप्टरसाठी अंतर म्हणजे खोल्यांमधलं अंतर नव्हे, तारेने घेतलेला वळसा. शेजारच्या दोन खोल्या वेगळ्या सर्किटवर असतील तर त्या एकमेकींना दूर असतात. म्हणून मोजताना एकच टोक हलवत बसू नका, दोन्ही टोकांची सॉकेट बदलून पाहा. कुठलं सॉकेट कुठल्या सर्किटवर आहे ते बोर्डातला एकेक फ्यूज किंवा एमसीबी बंद करून कळतं. त्याआधी संगणक नीट बंद करा.

घरात तीन फेज येत असतील तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, हे वायरमनकडून बघून घ्या. वेगळ्या फेजवरही संकेत थोडाफार उडी मारतो, पण तसा मिळणारा वेग फारसा भरवशाचा नसतो. यूपीएसमधून मात्र अडॅप्टर चालवूच नका. आतली फिल्टरं आणि इन्व्हर्टर बहुतेक संकेत अडवतात.

एवढं करूनही वरच्या कुठल्याच सॉकेटात १५ च्या पुढे जात नसेल, किंवा दर मिनिटाला आकडा शून्याला टेकत असेल, तर जोडी परत करा. त्याहून महाग जोडी आणून त्या तारेकडून जास्त काढता येत नाही. म्हणूनच परत घेण्याची मुदत आधी विचारून घ्या. त्यानंतर पाहा की दोन्ही खोल्यांत टीव्हीची जुनी कोॲक्स केबल पोचलेली आहे का. असेल तर तिच्यावर चालणारे मोका अडॅप्टर शेकडो एमबीपीएस सहज देतात, कारण त्या केबलला आवरण असतं आणि फाटे मोजके. मात्र त्याच केबलवरून डिशचा संकेत येत असेल तर ते जमणार नाही, दोघांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांवर येतात.