ओव्हुलेशन पट्टीवरची फिकट रेघ आणि पीसीओएस

अगं, ओव्हुलेशन पट्टीवर फिकट दुसरी रेघ दिसली म्हणून ती पॉझिटिव्ह धरून बसू नकोस. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये फिकट रेघही मोजतात, इथे नाही. टेस्टची रेघ कंट्रोलइतकी किंवा जास्त गडद झाली तरच पॉझिटिव्ह. मग साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं.

सुरुवातीच्या चुका दोनच:
- आधी भरपूर पाणी पिणं. दोन तास कमी पी.
- पाकिटावरची वेळ उलटल्यावर पट्टी पुन्हा बघणं.

तुला पीसीओएस आहे, म्हणून हे नीट ऐक. त्यात एलएच, म्हणजे बीज सुटायला लावणारं हार्मोन, मुळातच जास्त असू शकतं. मला एकदा सलग सहा दिवस गडद रेघ आली, पण सोनोग्राफीत बीज वाढलेलंच नव्हतं! पट्टी फक्त एलएच दाखवते. खात्रीसाठी डॉक्टरांना फॉलिक्युलर सोनोग्राफी किंवा पॉझिटिव्हनंतर सातेक दिवसांनी प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीबद्दल विचार.