शनिवारच्या फोनची एक ओळ

प्रश्न: कॉल सेंटरला फोन केला की समोरची व्यक्ती बोलता बोलता काहीतरी टाइप करत असते. ते नंतर कोणी वाचतं का, की नुसता उपचार असतो?

वाचतात. आणि बऱ्याचदा तुम्ही स्वतः काय सांगितलंत यापेक्षा तिथे काय लिहिलंय त्यावरच पुढचं ठरतं. मी काही वर्षं नवी मुंबईत एका बँकेच्या मराठी लाइनवर होते, तेव्हाची एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

जुलै महिना, चौथा शनिवार, म्हणजे शाखा बंद. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हर्णैहून एका मावशींचा फोन आला. माझं गाव पलीकडचंच, आंजर्ले, त्यामुळे दोन वाक्यांतच बोली ओळखली. मासळीचा धंदा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात घर चालतं ते खात्यात ठेवलेल्या पैशावर आणि थोड्याफार सुकटी-बोंबलाच्या विक्रीवर. त्या एटीएमवर पैसे काढायला गेल्या तर शिल्लक जवळजवळ नाहीच. मिनी स्टेटमेंट काढलं, त्यावर गुरुवारच्या दोन नोंदी: 32,000 आणि 16,000.

"बाय, मी यातलं काय केलं नाय. फोनला गुरवारी दुपारपासून रेंजच नाय. पावसात जातेच आमच्याकडे, म्हणून मी गप होते."

मला तिथेच शंका आली. जोराचा पाऊस लागला की आमच्याकडे वीज जाते आणि पाठोपाठ टॉवर बंद पडतो, म्हणून रेंज गेली तर कोणी मनावर घेत नाही. पण मावशी शेजारच्या मुलाच्या फोनवरून बोलत होत्या. त्याचं सिम त्यांच्याच कंपनीचं होतं आणि त्याला रेंज होती. म्हणजे टॉवर चालू होता, बंद होतं ते फक्त यांचं सिम. कोणीतरी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं की जुनं त्याच क्षणी मरतं. त्यानंतरचे सगळे ओटीपी तेव्हा चोराकडे जात. कार्डाची किंवा खात्याची माहिती त्याने आधीच कुठून तरी मिळवलेली असते.

अडचण पडताळणीची होती. नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवून उपयोग नव्हता. जन्मतारीख विचारली तर त्यांनी सांगितलेली आणि आमच्याकडची जुळेना. आमच्याकडे 1 जानेवारी होती, जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदावर तीच असते. पडताळणी झाली नाही की सिस्टीम तक्रारीचा फॉर्म उघडूच देत नसे, आणि फॉर्म नाही म्हणजे तक्रार क्रमांक नाही. तेवढ्यावर मला करता येण्यासारखं एकच होतं, कार्ड आणि मोबाइल बँकिंग ब्लॉक करणं. ते केलं. सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि सोमवारी शाखेत जा, असं सांगितलं. कॉल बंद करताना यादीतून कारण निवडावं लागे. त्यात माझ्यासाठी एकच पर्याय उरला होता: 'पडताळणी अपूर्ण'.

त्याच्याखाली एका ओळीची मोकळी जागा असते. पुढचा कॉल रांगेत उभा असतो, त्यामुळे बहुतेक जण तिथे 'फसवणुकीची तक्रार, शाखेत जाण्यास सांगितले' एवढं लिहून मोकळे होतात. मी त्यांचा ग्राहक क्रमांक शोधून काढला आणि त्यांच्या खात्याला जोडून लिहिलं:

"शेजाऱ्याच्या फोनवरून (शेवट 417). स्वतःच्या सिमला गुरु. दुपारपासून रेंज नाही, ओटीपी आलाच नाही म्हणतात. 32000 व 16000 मी केले नाहीत. कार्ड, मो. बँकिंग ब्लॉक, सायं. 6:40."

मावशी सोमवारी शाखेत गेल्या. तिथे त्यांना अर्ज लिहून आणा, पोलिसांचा कागद आणा, म्हणून परत पाठवलं आणि त्या येऊन गेल्याची कुठेही नोंद केली नाही. अर्जावर शिक्का पडला तो त्याच्या पुढच्या सोमवारी.

इथे तेव्हाचा नियम समजून घ्यायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यात दर व्यवहारामागे 10,000 रुपयांपर्यंतचं नुकसान त्याचं. सातच्या पुढे गेलं की बँकेचं धोरण म्हणेल ते. आणि ओटीपीसारखी गुप्त माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच.

शिक्का पडला तो आठवा कामाचा दिवस होता. दोन्ही व्यवहार ओटीपी टाकून झालेले, आणि बँकेचे एसएमएस 'पोहोचले' असे दिसत होते, कारण ते खरोखरच पोहोचले होते, चोराच्या सिमवर. कागदावर मावशी निष्काळजी आणि उशिरा आलेल्या ठरल्या. अर्ज नामंजूर झाला.

शाखेतल्या एका अधिकाऱ्याने तो पुन्हा वर पाठवला. या वेळी वादग्रस्त व्यवहार बघणाऱ्या विभागातल्या बाईंनी खात्याचा संपर्क इतिहास उघडला आणि मला फोन केला. त्यांनी मावशींच्या नंबरवरून रेकॉर्डिंग शोधलं होतं, त्या दिवशीचा एकही कॉल सापडत नव्हता. सापडणार कसा? रेकॉर्डिंग ज्या फोनवरून कॉल येतो त्याच्या नावाने साठवलं जातं. मी म्हटलं, 417 वर संपणाऱ्या नंबरवर आणि 6:40 च्या आसपास बघा. लगेच मिळालं. रेंज गेल्याचं आणि ओटीपी न आल्याचं मावशींच्याच आवाजात होतं. मग बँकेने मोबाइल कंपनीकडून दुसरं सिम कधी सुरू झालं ते मागवलं. उत्तर आलं, गुरुवारी दुपारी. व्यवहार त्याच संध्याकाळचे.

त्यामुळे कळवल्याचा दिवस शनिवार धरला गेला, म्हणजे मुदतीच्या आत. पूर्ण 48,000 परत मिळाले आणि तेही गुरुवारचीच तारीख धरून, म्हणजे व्याजही बुडालं नाही.

मी त्या ओळीत माझं मत लिहिलं नव्हतं, याला मी फार महत्त्व देते. ओटीपीने झालेला व्यवहार दिसला की 'ग्राहकाने ओटीपी दिल्याचे दिसते' असं लिहून टाकणारे सहकारी मी पाहिलेत. रेकॉर्डिंग ऐकायला वेळ लागतो, टीप वाचायला दोन सेकंद लागतात, म्हणून वरचा माणूस आधी टीप वाचतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. ते एक वाक्य तिथे असतं तर शोधाशोध सुरूच झाली नसती.

पडताळणी न झालेल्या माणसालाही निदान तात्पुरता तक्रार क्रमांक मिळावा, असं मी त्यानंतर वरिष्ठांना लेखी कळवलं. मी नोकरी सोडली तोवर यादीत तो पर्याय आला नव्हता. म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर फोन ठेवण्याआधी एवढं करा. तक्रार क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर समोरच्याला सांगा, "मी सांगितलेलं माझ्या खात्यावर टिपून घ्या आणि काय लिहिलंत ते वाचून दाखवा." तारीख, वेळ आणि कोणत्या फोनवरून बोललात ते स्वतःकडे लिहून ठेवा, आणि शाखेत अर्ज देताना त्यात हे तिन्ही घाला.