सहा बोल्ट म्हणजे सहापट ताकद?

प्रश्न: छताच्या लाकडी कैचीत सांध्याला १६ मिमीचे ६ बोल्ट लावले तर एका बोल्टच्या सहापट भार धरायचा का? कडेपासून आणि दोन ओळींमध्ये किती अंतर ठेवावं?

नाही, सहापट धरू नका. हाच हिशोब आमच्या भाऊजींनी राजापूरकडच्या आमच्या घरावर केला होता, म्हणून एवढं लिहितेय.

भाऊजींचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आयुष्य लोखंडात गेलं. पडवीच्या कैचीची खालची तुळई ऐनाची, ७५ बाय १५०. एवढ्या लांबीचा अखंड नग मिळेना, म्हणून दोन तुकडे टोकाला टोक लावून दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या द्यायच्या ठरल्या. पट्ट्या त्यांनी वर्कशॉपमध्येच भोकं पाडून आणल्या: एका बाजूला तीन-तीनच्या दोन ओळी, ओळीतली भोकं सरसकट ६० मिमीवर. "अगं, हत्ती टांगलास तरी हलणार नाही," म्हणाले. मी इंजिनिअर, पण धाकटी मेहुणी. माझं कोण ऐकतंय?

गोम त्या ६० मध्ये होती. सांधा बरोबर मध्ये आला, त्यामुळे पहिला बोल्ट लाकडाच्या टोकापासून जेमतेम ३० मिमीवर पडला. लोखंडात १८ च्या भोकाला तेवढं पुरतं. लाकूड मात्र तंतूंच्या दिशेनं सहज चिरतं. खालची तुळई ताणात असते, म्हणजे बोल्ट लाकडाला टोकाकडे ढकलत असतो आणि भोकापुढचा तुकडा ड्रॉवरसारखा बाहेर सरकू पाहतो. म्हणून बांधकामाच्या भारतीय संहितेत ताणातल्या सांध्याला टोकाचं अंतर कठीण लाकडात बोल्टच्या व्यासाच्या पाचपट आणि मऊ लाकडात सातपट आहे. ऐन कठीण, म्हणजे किमान ८० हवं होतं.

पावसाळा निभावला. शिमग्याच्या सुमारास आईचा फोन आला, "रात्री माळ्यावर कट्‌कन वाजलं." जाऊन पाहिलं तर दोन तुकड्यांमधली फट बोटाचं नख जाईल एवढी उघडलेली, आणि पहिल्या बोल्टच्या दोन्ही अंगांनी टोकापर्यंत केसासारख्या दोन रेघा. खालच्या ओळीतली चीर तर दुसऱ्या भोकापर्यंत पोचली होती. तिचं कारण आणखी वेगळं. लाकूड ओलं चढवलं होतं. वाळताना ते आडवं आकसतं, पण ९० मिमीवरच्या दोन ओळी एकाच लोखंडी पट्टीनं जखडलेल्या. आकसायला वाव नाही, म्हणून फाटलं.

आधी खालून टेकू दिला. फाटलेला भाग मी हिशोबातून काढूनच टाकला. ८७० मिमीच्या नव्या पट्ट्या केल्या. जुनं शेवटचं भोक टोकापासून १५० वर होतं. त्याच्यापुढे ११५ सोडून पहिला नवा बोल्ट, मग ७०-७० वर दोन. ओळीतल्या बोल्टमध्ये किमान चारपट, म्हणजे ६४ लागतं. दोन ओळी ६० वर आणल्या, तेव्हा कडेला ४५ उरले. कडेला दीडपट किंवा ओळींमधल्या अंतराच्या निम्मं, यातलं जे जास्त ते लागतं, इथे ३०. ओळींमध्ये किमान अडीचपट, म्हणजे ४० चालतं. पण ओळी लांब नेल्या की सुरक्षित, हा समज लोखंडी पट्टीच्या बाबतीत तरी सोडा.

आता ताकद. एका बोल्टची ढोबळ ताकद म्हणजे व्यास गुणिले लाकडाची जाडी गुणिले तंतूंच्या दिशेचा परवानगीचा दाब. समजा हा दाब ८ न्यूटन प्रति चौरस मिमी, तर १६ × ७५ × ८, म्हणजे ९६०० न्यूटन, साधारण ९८० किलो. लाकूड बोल्टच्या मानाने जाड असेल तर बोल्ट वाकतो आणि कडेच्या लाकडावरच दाब येतो, म्हणून संहितेच्या तक्त्यातून यात कपात करावी लागते. शिवाय एका ओळीतले बोल्ट सारखे ओढत नाहीत, टोकाचे जास्त घेतात. हे सगळं अंतरं पुरेशी असतील तरच. ती चुकली तर गुणाकार कागदावरच राहतो.

हो, वरचे आकडे तंतूंच्या दिशेच्या भाराचे. तुळई मधल्या खांबाला बोल्टनं लटकवली असेल तर तुळईत भार तंतूंना आडवा येतो. तिथे बोल्टची ताकद बरीच कमी, आणि ज्या कडेकडे ओढ आहे तिथपर्यंत चारपट अंतर लागतं. तिरकस भाराला या दोन्हींच्या मधला हिशोब. तो तुमच्या इंजिनिअरकडून करून घ्या. भोक बोल्टपेक्षा एखाद मिमीच मोठं ठेवा, हातोड्यानं बोल्ट ठोकू नका, मोठा वायसर घाला आणि वर्षभरानं नट पुन्हा आवळा.

भाऊजी अजून म्हणतात, लाकूडच खराब होतं. त्यांच्या जुन्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. गोठ्याच्या फाटकाला बसवल्यात, तिथे छान चालतायत.