ओव्हरटाइम बुडाला, पगारपावती नाही: कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज कसा करावा?

प्रश्न: सहा-सात महिन्यांचा ओव्हरटाइम दिला नाही, पगारपावती कधीच देत नाहीत. कामगार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार केली तर उपयोग होतो का? कामावरून काढतील का?

उपयोग होतो, पण अर्जात आकडा असेल तरच. "बरेच महिने जादा काम करून घेतलं, पैसे दिले नाहीत" असं लिहिलं की समोरचा एका वाक्यात "दिले" म्हणून मोकळा होतो.

मी २०१८-१९ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या रेच्यावर होतो. दिवाळीनंतर, १२ नोव्हेंबरपासून बारा आठवडे सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सहा दिवस. रोज ३२० रुपये. जादा तासांचं विचारलं की दिवाणजी म्हणायचे, "हंगाम संपू दे, एकदम देऊ." हंगाम संपला, गेटवर कुलूप लागलं.

नोकरी मामानं लावून दिली होती, त्यामुळे तक्रारीचं नाव काढलं की मामा आडवा. "कायले त्याच्या नादी लागतं? आपल्याले याच गावात राह्यचं हाय. तोंडी सांगतो मी." तो तोंडी सांगत राहिला आणि अर्ज जायला ३० मे उजाडला. तेव्हाच्या किमान वेतन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, म्हणून नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे बाहेर गेले. उशिराचं सबळ कारण दिलं तर माफी मिळू शकते, पण "मामा थांब म्हणाला" हे कारण मी कोणत्या तोंडानं लिहिणार होतो?

हिशोब सांगतो, कारण तिथेच मी आपटलो. आठ तासांचे ३२०, म्हणजे तासाला ४०. जादा कामाचा दर दुप्पट, ८०. आठवड्याचे ४८ तास वजा जाता मी २४ तास लावले आणि आठवड्याचे १,९२० मागितले. सुनावणीत मालकाच्या माणसानं पहिलंच विचारलं, "जेवायची अर्धा तास सुट्टी होती की नव्हती?" होती. ती कामाच्या तासांत धरत नाहीत. म्हणजे दिवसाचे साडेअकरा, आठवड्याचे ६९, जादा २१, रक्कम १,६८०. माझे मुदतीत बसलेल्या दहा आठवड्यांचे १९,२०० घसरून १६,८०० झाले, त्याचं फार नाही. पण आकडा फुगवलाय असं दिसलं की बाकी खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

पावती नव्हती, मग पुरावा काय? आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. आई त्यावर दुधाचं मांडायची, त्याच चौकोनात खाली मी रोज कामावरून सुटल्याची वेळ टाकायचो. दिवाणजींनी हजेरीपट आणला, त्यात सगळे रोज आठ तास, सगळ्यांच्या सह्या. पण फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला मी दोन दिवस घरी होतो, ते पटात हजर! एकाच बसण्यात भरलेला पट असाच पकडला जातो. म्हणून सुनावणीत पट मागून बघा, सुट्ट्यांच्या तारखा ताडा. शेवटी १५,००० वर तडजोड झाली. मामा अजून म्हणतो, "तोंडी मागितले असते तरी तेवढेच भेटले असते." मामा, तू चार महिने तोंडीच मागत होतास.

तर अर्जात आठवडावार तक्ता द्या: तारखा, आत-बाहेर वेळ, सुट्टी वजा करून तास, दर, मिळालेले, बाकी. पगारपावतीची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा, ओव्हरटाइमच्या ओघात लिहिली तर ती हरवते. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. "ठेवून जा" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा.

आता मुदत तेवढी आखूड नाही. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तिच्यात दाव्याला तीन वर्षं आहेत, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. जादा तास केलेत हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागेल, म्हणून आजपासून वेळ लिहायला लागा.

कामावरून काढतील का? मला काढलं नाही, पुढच्या हंगामाला बोलावलं नाही, एवढंच. तुम्ही कायम असाल तर गोष्ट वेगळी. शक्य असेल तर चार-पाच जण मिळून सह्या करा, एकट्याला वेगळं काढणं मग सोपं राहत नाही. ठेकेदारामार्फत असाल तर अर्जात ठेकेदार आणि कारखाना, दोघांची नावं घाला, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि तडजोडीच्या कागदावर "आता काही येणे बाकी नाही" असं असतं. पैसे हातात किंवा खात्यात आल्याशिवाय त्यावर सही नको.